सपाट तळवे आणि एकाच पायाचं दुखणं

आमच्या माहेरी सगळ्यांचेच तळवे सपाट. पाय धुऊन कुणी घरात आलं की शहाबादी फरशीवर अख्खा तळवा उमटायचा, मधली कमानीची जागा कोरडी राहायचीच नाही. त्याचं कुणाला काही वाटत नसे. माझा धाकटा भाऊ भरतीची तयारी करू लागला तेव्हा पहिल्यांदा घरात त्यावर बोलणं झालं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे आमच्या खानापूरकडच्या गावांतली पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात, आणि मेडिकलमध्ये तळवे बघतात हे त्यांना पाठ असतं. तेव्हापासून आमच्याकडे ‘सपाट पाय म्हणजे दोष’ एवढंच डोक्यात बसलं. प्रत्यक्षात सपाट तळव्यांत दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी असतात. जन्मापासूनचा सपाट तळवा वेगळा आणि चाळिशी-पन्नाशीत एका बाजूची कमान खचू लागणं वेगळं. मला दोन्हींचा अनुभव आला, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट मी वर्षानुवर्षं ओळखत होते. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवते. दिवसभर उभं राहणं, वर्गात फिरणं, संध्याकाळी बसला उभ्यानं येणं. घरी पोचेपर्यंत दोन्ही तळव्यांच्या मधल्या भागात आणि पोटऱ्यांत ठणका लागायचा. कोमट पाण्यात पाय सोडून बसलं, रात्री झोप झाली, की सकाळी पाय मोकळे. रविवारी तर काहीच नाही. कमान खाली टेकली की पाऊल उचलताना पोटरीच्या आणि तळव्याच्या स्नायूंना जास्त काम पडतं, म्हणून ते लवकर थकतात. हा थकवा दोन्ही पायांत सारखा असतो, कामाच्या प्रमाणात येतो आणि विश्रांतीनं जातो. असा पाय बहुतेक वेळा मऊ, लवचिक असतो. चवड्यावर उभं राहिलं की खचलेली कमान वर आलेली दिसते. तो दुखत नसेल तर त्याला कसलाही उपचार लागत नाही, आणि थकत असेल तर नीट पादत्राण आणि पोटरीचा व्यायाम एवढं बहुतेकांना पुरतं.

दुसरी गोष्ट पावसाळ्यात सुरू झाली. आमच्याकडे जून-जुलैत पाऊस कसा असतो ते खानापूर-जांबोटीकडच्यांना सांगायला नको. त्या दिवसांत आम्ही सगळ्या बायका पातळ तळव्याच्या प्लॅस्टिकच्या चपला घालतो. स्टॉपवरून शाळेपर्यंत लाल चिखलाची वाट आहे, तिथं पाऊल आत वळतं, घसरतं, पुन्हा सावरावं लागतं. त्या पावसात डाव्या पायाच्या आतल्या घोट्यामागे दुखू लागलं. उजवा पाय नेहमीसारखाच होता. बसच्या पायऱ्या चढताना डाव्या पायावर भार आला की कळ यायची आणि ती तळव्याच्या कमानीपर्यंत उतरायची. काही आठवड्यांनी लक्षात आलं की आतल्या घोट्याच्या हाडाखाली बोटभर लांबीची सूज आहे. उजव्या पायाचं हाड स्पष्ट दिसतं, डाव्याचं बुजल्यासारखं. रविवारच्या विश्रांतीनंही हे दुखणं पुरतं जात नव्हतं.

गावातल्या एका दवाखान्यात ‘टाच दुखते आहे’ असं समजून दुखण्याच्या गोळ्या आणि टाचेखाली ठेवायची मऊ गादी दिली. टाचेचं दुखणं पुष्कळांना असतं हे खरं, पण त्याची ओळख वेगळी आहे. सकाळी उठून पहिली चार पावलं टाकताना टाचेच्या तळाला सुई टोचल्यासारखं होतं आणि चालत गेलं की ते कमी होतं. माझं उलट होतं. जितकं चालावं तितकं वाढे, आणि बोट ठेवून दाखवायची जागा टाचेच्या तळाला नव्हती, घोट्याच्या आत होती. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटे. पुढच्या खेपेला तिथं दुखऱ्या जागी इंजेक्शन देऊ म्हणाले. तिथं इंजेक्शन न घेता मी बेळगावात हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं.

डॉक्टर कन्नड घरातले, पण मराठी सफाईदार बोलणारे. त्यांनी आधी मला भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभं केलं, साडी घोट्याच्या वर धरायला लावली आणि स्वतः मागे स्टूल घेऊन बसले. माझ्या यजमानांना म्हणाले, “तुम्हीबी इकडं या की, मागनं बघा.” मागून पाहिलं की सरळ पायाच्या बाहेरच्या बाजूला करंगळी आणि फार तर तिच्या शेजारचं बोट दिसतं. माझ्या उजव्या पायाची दोन दिसत होती, डाव्याची तीन आणि चौथ्याचा कडा. शिवाय डावी टाच बाहेरच्या बाजूला कललेली होती. यजमानांनी मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला तेव्हा मला तो फरक पहिल्यांदा दिसला. स्वतःला स्वतःची टाच मागून कधीच दिसत नाही.

मग डॉक्टर म्हणाले, “भिंतीला नुसती बोटं टेकवा. आता उजवा पाय एकटा टेका, गुडघा ताठ ठेवा आणि टाच वर उचला बघू.” उजव्यावर मी चवड्यावर गेले, टाच वर उचलली गेली आणि थोडी आतही वळली. डाव्या पायावर पहिल्या वेळी टाच उचलली, पण कळ आली आणि टाच आत वळली नाही. दोन-तीनदा केल्यावर टाच जेमतेम सुटत होती आणि मी नकळत गुडघा वाकवून, भिंतीवर भार टाकून वर जाऊ पाहत होते. “हेच बघायचं होतं,” डॉक्टर म्हणाले. त्यानंतर त्यांनी घोट्याच्या हाडामागून खाली कमानीकडे अंगठ्यानं दाबत आणलं. हाडाच्या अगदी मागे आणि खाली दाबलं तेव्हा मी ओरडलेच.

दुखत होती ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. पोटरीत खोलवर टिबियालिस पोस्टीरिअर नावाचा स्नायू आहे. त्याची कंडरा आतल्या घोट्याच्या हाडाला वळसा घालून तळव्याच्या कमानीतल्या हाडांना जाऊन चिकटते. रहाटावरून दोर जातो तशी ती त्या हाडाच्या कडेवरून सरकत राहते, आणि नेमक्या त्या वळणापाशी तिला रक्तपुरवठा कमी असतो. कमान वर धरून ठेवणं आणि टाच आत वळवणं ही तिची कामं. मुळात सपाट तळवा असेल, वजन वाढलेलं असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, वय चाळिशीच्या पुढचं असेल तर ती झिजू लागण्याची शक्यता वाढते. पुरुषांपेक्षा बायकांत हे जास्त दिसतं. आधी ती सुजते आणि दुखते, कमान जागेवर असते. मग ती लांबते, ढिली पडते, कमान खचते, पण हातानं पाय सरळ करता येतो. त्यानंतर पाय खचलेल्या अवस्थेतच कडक होतो आणि हातानंही सरळ होत नाही. पहिल्या टप्प्यात बूट, पट्टा आणि व्यायामानं बऱ्याच जणांचं भागतं. पाय कडक झाला की मात्र टाचेची हाडं जोडण्याच्या शस्त्रक्रियेवर बोलणं येतं.

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी निपाणीकडच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांचं दुखणंही घोट्याच्या आतल्या बाजूनंच सुरू झालं होतं. त्या म्हणाल्या, “आतलं दुखायचं आपोआप थांबलं बघ. मला वाटलं बरं झालं. आता वर्षानं बाहेरच्या बाजूला दुखायलंय.” हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा पायात आतलं दुखणं थांबणं हे नेहमी बरं झाल्याचं लक्षण नसतं. कंडरा पार निकामी झाली की तिची कळ थांबते. मग टाच इतकी बाहेर कलते की बाहेरच्या घोट्याचं हाड आणि टाचेचं हाड एकमेकांवर दाबली जातात आणि दुखणं बाहेरच्या बाजूला सरकतं. माझ्या मते आमच्या भागातल्या बायकांना सगळ्यांत आधी सांगायला हवी ती हीच गोष्ट आहे, कारण दुखायचं थांबलं की आपण दवाखान्याची वाट सोडतो.

मग एक्स-रे. आधीच्या दवाखान्यात काढलेला एक्स-रे मी बरोबर नेला होता आणि त्यावर ‘नॉर्मल’ असं लिहिलेलं होतं. तो टेबलावर आडवं करून काढलेला होता. पायावर भार नसेल तर मऊ सपाट तळव्याची कमान चांगली दिसू शकते, म्हणून या कामासाठी दोन्ही पायांवर उभं राहून एक्स-रे काढावा लागतो. उभ्यानं काढलेल्या चित्रात डाव्या पायाची हाडांची रेघ मधे खाली वाकलेली साध्या डोळ्यांना कळत होती. सोबत सोनोग्राफी झाली. कंडरा जाड झालेली, भोवती पाणी, पण अखंड, असा रिपोर्ट आला. एमआरआयची गरज तेव्हा पडली नाही. रक्तदाब आणि साखर मात्र त्यांनी तपासून घेतली. त्या जागी इंजेक्शनचं विचारलं तर म्हणाले, “स्टिरॉइड असेल तर झिजलेली कंडरा त्यानं तुटूही शकते. आपण ते नको करूया.”

पहिले चार आठवडे गुडघ्याखालपर्यंतचा चालायचा बूट दिला. तो प्लॅस्टिकचा, आत गादी असलेला असतो आणि पट्ट्यांनी आवळता येतो. त्यात पाऊल आत वळत नाही, म्हणून कंडरेला खरी विश्रांती मिळते. या बुटाचा तळवा जाड असतो, त्यामुळे दुसऱ्या पायात नेहमीची चप्पल घातली तर कंबर वाकडी होऊन दुखू लागते. मी उजव्या पायात जाड तळव्याचा बूट घातला तेव्हा चालणं सरळ झालं. सुजेवर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. आईनं एरंडाची पानं गरम करून बांधायची तयारी केली होती आणि मालीशवाल्या बाईंना निरोपही धाडला होता. थकलेल्या पोटऱ्यांना मालीश चालते, पण सुजलेल्या कंडरेवर जोरानं चोळणं डॉक्टरांनी बंद केलं. आईला हे पटवायला त्यांनाच फोनवर बोलावं लागलं.

सूज उतरल्यावर बूट गेला आणि त्या जागी घोट्याचा पट्टा आणि बुटात घालायचं इनसोल आलं. इथं मऊ आणि आधार देणारं यांतला फरक समजून घ्यावा लागतो. बाजारात ‘डॉक्टर चप्पल’ म्हणून मिळते ती मऊ रबराची असते. दाब वाटून घ्यायला ती चांगली, पण आपल्या वजनाखाली ती दबते आणि कमान तशीच खचते. आधार देणारं इनसोल आतल्या कडेला उंच आणि बऱ्यापैकी टणक असतं आणि त्याची टाचेची वाटी खोल असते. माप घेऊन बनवून घेण्याआधी काही शे रुपयांचं तयार इनसोल वापरून बघा, असंच मला सांगितलं गेलं, आणि माझं त्यावर भागलं. पहिल्या दिवशी ते तासभरच घालायचं, मग रोज थोडं वाढवत न्यायचं. एकदम दिवसभर घातलं तर कमानीत नवं दुखणं सुरू होतं आणि माणूस ते कायमचं काढून टाकतो. पाय कडक झालेल्यांना मात्र उंच कमानीचं इनसोल टोचतं, त्यांच्यासाठी वेगळं करावं लागतं.

बूट घेताना मी आता दुकानात तीन गोष्टी करते. मागची टाचेची भिंत अंगठ्यानं दाबते, ती लगेच आत गेली तर बूट ठेवून देते. मग बूट दोन्ही हातांत धरून पिळते. सहज पिळला जात असेल तर तो पाऊल धरणार नाही. शेवटी पुढचं टोक वाकवते. तो बोटांपाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. जुन्या बुटांचे तळवेही उलटे करून बघते. आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजली असेल तर बूट बदलायचा.

खरी अडचण होती ती अनवाणी राहण्याची. आपल्या घरात चपला दाराबाहेर. शाळेतही लहान मुलांच्या वर्गात मुलं गटागटानं जमिनीवर बसतात, म्हणून आम्ही चपला व्हरांड्यात काढतो. म्हणजे आठवडाभर इनसोल घातलं तरी पायाला आधार फक्त वाटेत मिळायचा आणि दिवसाचे बाकीचे तास फरशीवर अनवाणी जायचे. हे फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं म्हणून पुढं आलं, नाहीतर डॉक्टरांना सांगायचं मला सुचलं नसतं. हेडमास्तर सरांशी बोलले. ते म्हणाले, “बाई, आत घालायचे वेगळे बूट ठेवा की कपाटात, त्यात काय एवढं.” तसे ते आजही कपाटात आहेत. घरात स्वयंपाकघरासाठी कमानीला उंचवटा असलेल्या, मागे पट्टा असलेल्या वेगळ्या चपला ठेवल्या. देवघरात जाताना त्या काढते, तेवढ्यानं काही बिघडत नाही.

व्यायाम तीन. पहिला पोटरीचा ताण. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला, अर्धा मिनिट. मग गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढंच. इथं एक बारीक गोष्ट मॅडमनी दाखवली. ताण देताना सपाट पाय आतल्या बाजूला खचतो आणि ताण पोटरीऐवजी कमानीवर येतो. म्हणून बोटं सरळ पुढे ठेवायची आणि तळव्याच्या आतल्या कडेखाली दुमडलेला नॅपकिन ठेवायचा. दुसरा रबरी पट्ट्याचा. खुर्चीवर बसून पट्टा बाहेरच्या बाजूला कशाला तरी बांधायचा, पाऊल त्यात अडकवून आत आणि खाली ओढायचं आणि सावकाश परत सोडायचं. गुडघा हलू द्यायचा नाही, नाहीतर मांडीच काम करते. तिसरा टाचा उचलण्याचा. आधी दोन्ही पायांवर, टाचांच्या मधे मुलांचा रबरी चेंडू धरून. चेंडू पडू द्यायचा नाही म्हटलं की टाचा आपोआप आत वळतात आणि नेमकी तीच कंडरा कामाला लागते. वर जाताना दोन आकडे, उतरताना चार आकडे मोजायचे. दहापासून सुरुवात. व्यायामात थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं असेल तर आकडा कमी करायचा. पहिल्या महिन्यात फरक दिसत नाही, तीन महिन्यांनी तपासा, असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याप्रमाणेच झालं.

कमान मात्र वर आलेली नाही आणि येणारही नाही. लांबलेली कंडरा व्यायामानं आखूड होत नाही, ती फक्त मजबूत होते. डाव्या पायावर एकट्यानं टाच आता उचलली जाते, उजव्याइतक्या वेळा नाही. मागून काढलेला फोटो दर काही महिन्यांनी आधीच्या फोटोशेजारी ठेवून बघते. डाव्या पायाची आणखी बोटं दिसू लागली, टाच उचलणं पुन्हा जमेनासं झालं किंवा दुखणं बाहेरच्या घोट्याकडे गेलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं आहे.

भावाचा मुलगाही आता पळायला जातो. त्याचे तळवे आमच्यासारखेच. त्याला फरशीवर चवड्यांवर उभं केलं, दोन्ही कमानी वर आल्या, दोन्ही टाचा आत वळल्या, दुखत काही नाही. त्याला काही करायची गरज नाही असं डॉक्टरांनीही सांगितलं. मुलाचा सपाट पाय चवड्यावर उभं राहूनही सपाटच राहिला, कडक असला आणि खेळल्यावर दुखत असला, तर मात्र तो दाखवायला हवा, कारण त्यात दोन हाडं जन्मतःच जुळलेली असू शकतात.

आईची गोष्ट याहून तातडीची निघाली. तिला मधुमेह आहे आणि तळव्यांना बधिरपणा आहे, म्हणून दुखण्याची वाट बघून तिला काहीच कळणार नाही. मधुमेह्याचं एक पाऊल अचानक सुजलं, लाल झालं, दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, तर फारसं दुखत नसलं तरी ते त्याच दिवशी दाखवायचं आणि तोवर त्यावर भार द्यायचा नाही. त्यात हाडं आतून ढासळत असू शकतात आणि कमान काही आठवड्यांत कायमची मोडते. रात्री टीव्हीपुढे ती पाय लांब करून बसते, तेव्हा मी दोन्ही पावलांना हाताची पालथी बाजू लावून बघते. आधी ती पाय मागे घ्यायची, “पोरीनं पायाला हात लावायचा नसतो” म्हणायची. आता स्वतःच पुढं करते.